दहा हजार फुटांखाली

11 सप्टेंबर 1974 च्या सकाळी ईस्टर्न एअरलाइन्सचं एक डीसी-9 विमान अमेरिकेतल्या चार्ल्सटनहून शार्लट शहराकडे निघालं होतं. विमानात 82 माणसं होती. शार्लटच्या विमानतळाभोवती दाट धुक्याचे पट्टे पसरलेले होते. सहवैमानिक विमान चालवत होता. रेडिओवर बोलणं आणि ठरलेल्या उंचीला उंची मोठ्यानं सांगणं हे कॅप्टनचं काम होतं. विमान खाली उतरत असताना दोघं गप्पा मारत होते. विषय राजकारणाचा होता, जुन्या गाड्यांचा होता. मग वाटेतल्या एका मनोरंजन उद्यानाचा मनोरा दिसला आणि तो नेमका तोच की दुसरा, याची चर्चा सुरू झाली.

धावपट्टीच्या काही मैल आधी एक ठरलेला टप्पा होता. तो विमानानं 1,800 फुटांवर ओलांडायला हवा होता. प्रत्यक्षात ते त्याहून साधारण साडेचारशे फूट खाली होतं. कॅप्टनची उंचीची घोषणा झालीच नाही. त्याआधी, जमीन हजार फुटांवर आल्याचा इशाराही वाजून गेला होता, पण दोघांपैकी कोणी त्याची दखल घेतली नाही. तो रोजच्या उतरणीत वाजायचाच, त्यामुळे वैमानिकांना त्याची कटकट वाटू लागली होती, असं चौकशीत पुढे आलं. आता फक्त विमानतळ शोधायचा राहिला, अशा अर्थाचं कॅप्टन बोलला आणि काही सेकंदांत विमान धावपट्टीच्या तीनेक मैल अलीकडे झाडांत कोसळलं. 72 माणसं गेली. विमानात यांत्रिक बिघाड नव्हता.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं कॉकपिटमधल्या ढिल्या शिस्तीवर बोट ठेवलं. असे आणखी प्रकार समोर आल्यावर 1981 मध्ये तिथल्या विमान प्रशासनानं नियम केला. तोच ‘स्टराइल कॉकपिट’ नियम. जमिनीवर विमान धावपट्टीकडे नेताना, उड्डाण करताना, उतरताना आणि एरवीही दहा हजार फुटांखाली असताना वैमानिकांनी विमान सुरक्षित चालवण्यापलीकडचं काहीही करायचं नाही. गप्पा नाहीत, जेवण नाही, अवांतर वाचन नाही. पल्लाच लहान असेल आणि विमान दहा हजार फुटांखालीच स्थिर उंचीवर जात असेल, तर तेवढ्या टप्प्याला सूट आहे.

हा नियम कंपनीलाही बांधतो, आणि मला तो भाग फार मोलाचा वाटतो. प्रवाशांच्या पुढच्या विमानाची चौकशी, खाद्यपदार्थांची मागणी नोंदवणं, खिडकीतून दिसणाऱ्या प्रेक्षणीय स्थळांची घोषणा, अशी कामं या वेळात वैमानिकांकडून करून घ्यायला कंपनीला मनाई आहे. वैमानिकाचं लक्ष गप्पांनी वळतं तसंच कार्यालयाच्या निरोपांनीही वळतं.

पण गप्पांनी नेमकं बिघडतं काय? वैमानिकाचे डोळे तर काट्यांवरच असतात. खाली उतरताना पुष्कळशी कामं विशिष्ट क्षणाशी बांधलेली असतात. अमुक उंची आली की मोठ्यानं सांगायचं, अमुक वेग झाला की पंखांचे फ्लॅप आणखी उघडायचे. तो क्षण आपणहून आठवावा लागतो. गप्पांमध्ये मात्र मन समोरच्याचं वाक्य धरून ठेवतं, आपलं उत्तर जुळवत असतं. क्षण येतो आणि निघून जातो. राहून गेलेल्या घोषणेचा आवाज नसतो, त्यामुळे ती राहिली हे दोघांनाही कळत नाही. दोन वैमानिक ठेवण्याचं कारणच एकाची चूक दुसऱ्यानं पकडावी हे आहे. गप्पा दोघांना एकाच वेळी गुंतवतात, म्हणून ते दुसरं संरक्षणही त्याच क्षणी जातं.

उंचावर अशी चूक सावरायला मिनिटं मिळतात. खाली, मिनिटाला सातशे-आठशे फूट उतरणाऱ्या विमानाला हजार फुटांवरून जमीन गाठायला दीड मिनिटही लागत नाही. शार्लटमध्ये तेवढाच वेळ हातात होता.

नियम आला म्हणून गप्पा संपल्या नाहीत. 31 ऑगस्ट 1988 ला डॅलस विमानतळावर डेल्टा कंपनीचं विमान धावपट्टीवर जाण्यासाठी रांगेत थांबलं होतं. कॉकपिटमध्ये गप्पा चालू होत्या, त्यात हवाई सेविकाही सामील होती. फ्लॅप उड्डाणासाठी लावलेच गेले नाहीत. यादी वाचताना मात्र ते लावल्याचं उत्तर दिलं गेलं. फ्लॅप नसल्याचा इशारा देणारी यंत्रणाही त्या दिवशी वाजली नाही. विमान पुरतं उचललं गेलं नाही आणि 14 जणांचा जीव गेला.

नियमाची उलटी बाजू केबिनमध्ये दिसते. कॉकपिटला या वेळी हाक मारायची नाही, एवढंच ठसलं, तर पंखावर बर्फ किंवा धूर दिसूनही केबिनमधला माणूस कचरतो. नियमाला ते मुळीच अभिप्रेत नाही. सुरक्षेशी संबंधित गोष्ट कोणत्याही उंचीवर कळवायचीच असते. म्हणून केबिन कर्मचाऱ्यांना कधी बोलायचं नाही याच्या जोडीनं कशासाठी लगेच बोलायचं हेही शिकवावं लागतं. शंका असेल तर कळवावं, हे त्यांना वैमानिकांच्या तोंडून ऐकायला मिळणं आवश्यक आहे, आणि उड्डाणाआधीची एकत्र बैठक त्यासाठी योग्य जागा आहे.