कणसाच्या फोटोतून संकराचे गुणोत्तर

आनुवंशिकतेच्या उदाहरणांत मक्याच्या कणसाचा फोटो देतात. त्यात जांभळे आणि पिवळे दाणे मिसळलेले असतात आणि आईबापांची जनुके ओळखायची असतात. इथे आधी एक गोष्ट पक्की करावी: कणीस आईच्या झाडाचे असले, तरी त्यावरचा प्रत्येक दाणा म्हणजे स्वतंत्र अपत्य आहे. म्हणून एकाच फोटोत शेकडो भावंडे मोजता येतात.

समजा, फोटोत 146 दाणे जांभळे आणि 54 पिवळे दिसले. मोठ्या संख्येला लहान संख्येने भागले की साधारण 2.7 येतात, म्हणजे 3:1 च्या जवळ. आता पनेट चौकट मांडू. जांभळा रंग प्रभावी, त्याला R. पिवळा अप्रभावी, त्याला r. दोन्ही पालक Rr धरले, तर वर R, r आणि डावीकडेही R, r लिहायचे. चार घरांत RR, Rr, Rr, rr येतात. पहिली तीन जांभळी, शेवटचे पिवळे. 200 दाण्यांत 150 आणि 50 अपेक्षित होते; चारचा फरक निव्वळ योगायोगाने पडू शकतो. Rr × rr असता, तर शंभर-शंभरच्या आसपास दाणे मिळाले असते.

विद्यार्थी बहुतेकदा चुकतात ते मोजणीत. एकच ओळ मोजून निष्कर्ष काढू नये, कारण वीस दाण्यांत 12 जांभळे आणि 8 पिवळेही सहज निघतात. दिसणाऱ्या सगळ्या पूर्ण ओळी मोजाव्यात आणि कडेचे अर्धवट दिसणारे, रंग न कळणारे दाणे सोडून द्यावेत.