दोन रेषांवर उभं राहणारं चित्र

लुईस फ्राय रिचर्डसन हा ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ क्वेकर होता, म्हणजे युद्धाला ठाम नकार देणाऱ्या पंथातला. पहिल्या महायुद्धात तो बंदूक न उचलता फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर गेला आणि १९१९ मध्ये युद्धाचं मानसशास्त्र गणितात बसवू पाहणारा निबंध त्यानं स्वतःच छापून काढला. त्यातूनच पुढे शस्त्रस्पर्धेची त्याची दोन समीकरणं आकाराला आली. त्यांमागची कल्पना साधी आहे. शेजाऱ्याचा लष्करी खर्च वाढला की भीतीपोटी आपलाही वाढतो, आणि आपलाच खर्च फार झाला की त्याचं ओझं आपल्याला मागे ओढतं.

समजा ज्या खर्चावर दोन्ही देश स्थिरावू शकतात तो बिंदू आपण शून्य धरला. पहिल्या देशाचा खर्च त्याहून x इतका जास्त आहे आणि दुसऱ्याचा y इतका. ऋण आकडा म्हणजे समतोलापेक्षा कमी खर्च. मी सोयीचे आकडे घेतो. पहिला देश जास्त भित्रा आहे:

```
x' = -x + 4y
y' =  x -  y
```

डावीकडचे x' आणि y' म्हणजे बदलाचा वेग. आता कागदावर आडवा अक्ष x चा, उभा y चा. कागदावरचा प्रत्येक बिंदू ही दोन देशांची एक स्थिती, आणि समीकरणं सांगतात की त्या स्थितीतून पुढचं पाऊल कुठल्या दिशेला पडेल. सगळ्या शक्य वाटा एकत्र काढल्या की जे दिसतं त्याला फेज पोर्ट्रेट म्हणतात. शेकडो बिंदूंवर बाण काढत बसलं तरी ते हळूहळू उमटतं, पण तो हमालीचा मार्ग झाला. त्यापेक्षा आधी विचारायचं: अशी एखादी वाट आहे का, जी अजिबात वळत नाही?

न वळणारी वाट म्हणजे शून्यातून जाणारी सरळ रेषा. तिच्यावर टिकून राहायचं तर वेगाची दिशा रेषेचीच हवी. म्हणजे वेग हा स्थितीच्याच काही पट हवा. ती पट λ मानू. मग दुसरं समीकरण सांगतं x - y = λy, म्हणजे x = (λ+1)y. पहिलं सांगतं 4y = (λ+1)x. एकात दुसरं घातलं की उरतं (λ+1)² = 4. म्हणून λ एक तर 1, नाही तर -3. पहिल्या उत्तराला x = 2y ही रेषा मिळते, दुसऱ्याला x = -2y. या λ च्या किमती म्हणजे आयगेनव्हॅल्यू आणि या रेषांच्या दिशा म्हणजे आयगेनव्हेक्टर. पाठ्यपुस्तकात हेच काम डिटर्मिनंट मांडून करतात. उत्तर तेच येतं.

आता पट्टी घेऊन दोन्ही रेषा काढा. x = 2y वर λ धन आहे, म्हणून बाण शून्यापासून दूर जाणारे, दोन्ही बाजूंना. x = -2y वर λ ऋण, म्हणून बाण शून्याकडे येणारे. अर्धं चित्र इथेच झालं. कारण दोन वाटा एकमेकींना छेदू शकत नाहीत, एका बिंदूतून पुढचं पाऊल एकच असतं. त्यामुळे या रेषांनी कागदाचे जे चार तुकडे केले, त्यांतली कुठलीही वाट आपला तुकडा सोडून जाऊ शकत नाही.

तुकड्याच्या आतली वाट कशी वळेल? कुठलाही बिंदू या दोन दिशांच्या मिश्रणातून बनवता येतो. (-2, 2) घेऊ: पहिला देश समतोलाच्या खाली, दुसरा वर. हा बिंदू म्हणजे (2, 1) चा अर्धा भाग आणि (-2, 1) चा दीड. काळ पुढे सरकतो तसा अर्धा भाग e^t या पटीनं वाढतो आणि दीड भाग e^(-3t) या पटीनं विरतो. वर्ष हे एकक धरलं तर वर्षभरात अर्ध्याचे सुमारे 1.36 होतात आणि दीडाचे जेमतेम 0.07 उरतात. बिंदू (2.57, 1.43) च्या आसपास पोहोचतो, x = 2y या रेषेला जवळजवळ चिकटलेला. मधल्या वाटेवर दुसऱ्या देशाचा खर्च आधी उतरतो, (1.15, 1.15) पाशी तळ गाठतो आणि मग पुन्हा चढतो. y' = 0 हे x = y या रेषेवरच होतं, म्हणून प्रत्येक वाट ती रेषा आडवी ओलांडते. काढलेलं चित्र तपासायला ही खूण फार उपयोगी आहे. तुमची वाट तिथे तिरपी जात असेल तर हात चुकला.

आता (-3, 1) घ्या. फार लांब नाही, पण इथे (2, 1) चा हिस्सा ऋण निघतो, वजा पाव. वाट खाली डावीकडे वळते: दोघांचाही खर्च घटत जातो. सह्याद्रीच्या धारेवर शेजारी पडलेल्या दोन थेंबांतला एक अरबी समुद्राला जातो आणि एक बंगालच्या उपसागराला, तसंच हे. इथली धार म्हणजे x = -2y. बिंदू धारेच्या कुठल्या अंगाला आहे ते x + 2y या एका संख्येच्या चिन्हावरून कळतं. गंमत अशी की या संख्येचा वेग काढला तर तो पुन्हा x + 2y च येतो. दोन देशांचं गुंतलेलं प्रकरण एका संख्येच्या चक्रवाढीवर आलं.

रिचर्डसननं हीच युक्ती खऱ्या आकड्यांवर वापरली. दोन्ही गट सारखेच धरले, तर x + 2y च्या जागी साधी बेरीज येते. एका बाजूला फ्रान्स आणि रशिया, दुसऱ्या बाजूला जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी. त्याच्या हिशेबात त्यांचा एकत्रित लष्करी खर्च १९०९ मध्ये १९.९ कोटी पौंड होता, १९१३ मध्ये २८.९ कोटी. बेरजेची वार्षिक वाढ त्यानं बेरजेसमोर मांडली, तर बिंदू जवळजवळ सरळ रेषेत पडले आणि ती रेषा १९.४ कोटींपाशी शून्य वाढीला टेकली. म्हणजे १९०९ मध्येच गाडी धारेच्या पलीकडे होती, थोडक्यात का होईना. बिंदू मात्र अवघे चार. चार बिंदूंवर कायदा उभा राहत नाही, आणि आकड्यांबाहेरचं राजकारण त्यात कुठेच नाही.

आपल्या समीकरणांत ओझ्याचा गुणक दोन्हीकडे 1 होता. तो 3 केला तर x' = -3x + 4y आणि y' = x - 3y. मग (λ+3)² = 4, म्हणून λ = -1 किंवा -5. रेषा मात्र त्याच राहतात! फक्त x = 2y वरचे बाण उलटून आत येतात, आणि धार नाहीशी होते: कुठूनही निघा, शेवट शून्यात. इथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात. वाटा शून्यात कुठल्या रेषेला लागून शिरतात? λ = -5 चा भाग झटपट विरतो, उरतो तो -1 चा रेंगाळणारा. म्हणून शून्याजवळ सगळ्या वाटा x = 2y ला स्पर्श करत येतात आणि लांबवर x = -2y ला समांतर दिसतात. अपवाद फक्त x = -2y वरच्याच वाटांचा. अनेक वह्यांत हे उलटं सापडतं. गुणक बरोबर 2 असेल तर λ = 0 आणि -4; मग x = 2y वरचा प्रत्येक बिंदू स्थिर, आणि वाटा म्हणजे त्या रेषेवर येऊन थांबणारे समांतर सरळ तुकडे.

सरळ रेषा मिळतीलच अशी खात्री नसते. दुसरा देश शेजाऱ्याच्या शस्त्रांना भिण्याऐवजी नमतं घेणारा असला, म्हणजे y' = -x - y, तर (λ+1)² = -4 येतं. वास्तव λ नाही, न वळणारी वाटही नाही. चित्र चक्राकार होतं. रिचर्डसनच्या मूळ समीकरणांत भीतीचे दोन्ही गुणक धन असल्यानं असं कधीच घडत नाही. घडलं तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात. λ मधला वास्तव भाग इथे -1 आहे, म्हणून चक्र आत येतं. फिरण्याची दिशा एकाच बिंदूवरून कळते: (1, 0) वर y' = -1, म्हणजे बाण खाली, आणि चक्र घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतं.