मराठी म्हणींचे इंग्रजी भाषांतर

मराठी म्हणी इंग्रजीत नेण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिल्या मार्गात मूळ म्हणीच्या जागी त्याच आशयाची प्रचलित इंग्रजी म्हण योजली जाते. दुसऱ्या मार्गात म्हणीतील चित्र इंग्रजीत तसेच ठेवून त्याचा अर्थ वाक्यातच किंवा टीपेत उलगडला जातो. ॲल्फ्रेड मॅनवेरिंग यांनी १८९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहासारख्या ग्रंथात वाचक म्हणीसाठीच आलेला असतो, त्यामुळे तेथे स्पष्टीकरणाला भरपूर वाव मिळतो. कथा-कादंबरीत मात्र म्हण संवादाच्या ओघात येते आणि भाषांतरकाराला बहुधा एकच मार्ग निवडावा लागतो.

== समानार्थी म्हण ==

‘नाचता येईना अंगण वाकडे’ या म्हणीला ‘अ बॅड वर्कमन ब्लेम्स हिज टूल्स’ ही इंग्रजी म्हण चांगली जुळते. चित्र बदलते, अंगण जाऊन कारागिराची हत्यारे येतात. परंतु स्वतःचे अपयश दुसऱ्या गोष्टीवर ढकलणाऱ्याची थट्टा दोन्हीकडे सारखीच आहे.

अशी जुळणी नेहमी साधत नाही. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ या म्हणीसाठी ‘स्टिल वॉटर्स रन डीप’ हा पर्याय सुचतो, कारण दोन्हींत पाणी आहे. प्रत्यक्षात मराठी म्हण बडबड्या, पोकळ माणसाविषयी आहे, तर इंग्रजी म्हण अबोल आणि खोल माणसाविषयी. येथे रिकाम्या भांड्यांचा आवाज मोठा असतो असे सांगणारी ‘एम्प्टी व्हेसल्स मेक द मोस्ट नॉइज’ ही म्हण योग्य ठरते, जरी तिच्यात पाण्याचा मागमूस नसला तरी. ‘दुरून डोंगर साजरे’ आणि ‘द ग्रास इज ऑल्वेज ग्रीनर ऑन द अदर साइड’ यांतही असाच फरक आहे. इंग्रजी म्हणीत स्वतःच्या स्थितीशी तुलना आणि हेवा आहे. मराठी म्हणीत जवळ गेल्यावर होणारा भ्रमनिरास आहे. ही म्हण कोणाला उद्देशून आणि कोणत्या प्रसंगी वापरतात, हे दोन्ही भाषांत पडताळून पाहिले की फसवी जोडी ओळखू येते.

== प्रतिमेचे स्पष्टीकरण: एक उदाहरण ==

‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही म्हण दोन्ही मार्गांची कसोटी पाहते. अडचणीत सापडलेल्या शहाण्यालाही मूर्खाची मनधरणी करावी लागते, असा तिचा अर्थ आहे. कृष्णजन्माच्या रात्री गाढवाने ओरडू नये म्हणून वसुदेवाने त्याचे पाय धरले, अशी लोककथाही तिच्याशी जोडली जाते. इंग्रजीतील ‘नीड्स मस्ट व्हेन द डेव्हिल ड्राइव्ह्ज’ ही म्हण यातील नाइलाज पोहोचवते. पण मराठी म्हणीचा खरा डंख आहे तो मानहानीत, कोणी कोणापुढे वाकायचे यातील विपर्यासात. तो त्या इंग्रजी म्हणीत उतरत नाही. शिवाय खेड्यातील वारकरी पात्राच्या तोंडी सैतान येतो, तो वेगळाच.

शब्दशः भाषांतरही येथे दगा देते. मराठीत ‘पाय धरणे’ म्हणजे विनवणी करणे. ‘हरीने गाढवाचे पाय पकडले’ एवढेच इंग्रजीत लिहिले, तर लाथ बसू नये म्हणून कोणी जनावर धरून ठेवले आहे, असा समज होऊ शकतो. म्हणून क्रियापद बदलावे लागते: अडचणीत देवसुद्धा गाढवाच्या पाया पडतो, अशा अर्थाचे वाक्य इंग्रजीत रचले की विनवणी कळते आणि ‘देव’ या एका शब्दाने हरी कोण हेही कळते. तळटीप लागत नाही. ‘हरी’ व ‘धरी’ यांचे यमक मात्र जाते. ‘आधी पोटोबा मग विठोबा’ या म्हणीत हे नुकसान अधिक मोठे आहे, कारण पोटाला ‘-ओबा’ जोडून त्याला विठोबाच्या पंक्तीला बसवण्यातच तिचा विनोद आहे.

निवडीपूर्वी पुढचा मजकूर वाचणे आवश्यक असते. समजा, एक पात्र ‘अडला हरी…’ म्हणाले आणि दुसऱ्याने उत्तर दिले, ‘पाय धरले खरे, पण गाढवाने लाथच मारली!’ आधीच्या वाक्यात सैतानाची इंग्रजी म्हण योजली असेल, तर या गाढवाला तेथे जागाच उरत नाही आणि उत्तर निरर्थक होते. अशा वेळी मूळ चित्र राखणे भाग पडते. उलट, म्हण बोलण्याच्या ओघात एकदाच येऊन जात असेल आणि तिच्यातील चित्राकडे कोणाचेच लक्ष नसेल, तर लांबलचक उलगडा संवादाची गती मोडतो; तेथे ओळखीची इंग्रजी म्हण किंवा साधे सरळ वाक्यही पुरते.