फिनेलची बादली आणि घरातलं मांजर

बाजारात सुटं मिळणाऱ्या काळ्या फिनेलचं एक झाकण बादलीभर पाण्यात ओतलं की पाणी क्षणात दुधाळ होतं आणि घरभर दवाखान्यासारखा वास पसरतो. आपल्याकडे अनेक घरांत याच वासाला स्वच्छता म्हणतात. कामाला येणाऱ्या मावशीही एका झाकणाऐवजी अंदाजाने धार सोडतात, कारण वास आला नाही तर ‘पुसलंच नाही का?’ असं विचारलं जाणार हे त्यांना ठाऊक असतं. माणसांच्या घरात हे चालून जातं. मांजर असलेल्या घरात मात्र या बादलीकडे जरा निरखून पाहायला हवं.

काळं फिनेल बनतं डांबरातून निघणाऱ्या फिनॉल आणि क्रेसॉलसारख्या द्रव्यांपासून. असं द्रव्य माणसाच्या किंवा कुत्र्याच्या पोटात थोडंसं गेलं, तर यकृत त्याला एक शर्करेपासून बनलेला रेणू जोडतं. त्यामुळे ते पाण्यात सहज विरघळतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. हे जोडकाम करणारी विकरं असतात. त्यांतलं फिनॉलसाठी सर्वात कामाचं विकर ज्या जनुकामुळे तयार होतं, ते यूजीटी-१ए-६ नावाचं जनुक मांजरात मोडकळीला आलेलं आहे. घरच्या माऊपासून सिंह-चित्त्यापर्यंत सगळ्या मार्जारकुळात ते असंच निकामी आहे. एक तर्क असा की, वनस्पतींमध्ये अशी द्रव्यं भरपूर असतात आणि निव्वळ मांसावर जगणाऱ्यांना ती पचवायची गरजच उरली नाही, म्हणून हे जनुक हळूहळू निकामी झालं. कारण काहीही असो, फिनॉल मांजराच्या शरीरात जास्त वेळ राहतं आणि तेवढा वेळ नुकसान करत राहतं. आपली साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराच्या जिवावर उठते, तीही याच उणिवेमुळे.

पण मांजर फिनेल पितं कधी? पीत नाही, चाटतं. सकाळी साडेनऊला हॉल पुसला असं समजा. पंखा लावलेला आहे, पण पावसाळी हवेत फरशी अजून ओलसरच आहे. मांजर स्वयंपाकघरातून बाल्कनीत जातं आणि चारही पंजे त्या ओलाव्यातून जातात. फिनॉल कातडीतूनही शोषलं जातं, त्यामुळे पंजाच्या गाद्यांतून थोडं तिथेच आत शिरतं. मग बाल्कनीत ऊन खात बसून ते पंजे चाटून स्वच्छ करतं आणि उरलेलं पोटात जातं. पाणी नीट पातळ केलेलं असेल, तर एकाच दिवसात काही दिसणार नाही. पण धार जाड असेल, तर पुढच्या काही तासांत तोंडातून लाळ गळू लागते, मांजर खाणं सोडतं, उलट्या करतं, पंजे लाल होतात आणि ते चालताना लडखडतं. फार झालं तर अंग थरथरतं, हिरड्यांचा रंग बदलतो आणि यकृतावर ताण येतो. खरी दुर्घटना बहुधा वेगळीच असते. बाटली आडवी पडते, फरशीवर न विरघळलेल्या फिनेलचं थारोळं होतं आणि मांजर त्यातून चालत जातं. तेव्हा वाट पाहायची नसते.

‘पाण्यात टाकल्यावर पांढरं होतं ते घरात आणायचं नाही’ असा एक ठोकताळा मांजर पाळणाऱ्यांत चालतो. काळ्या फिनेलला तो लागू पडतो. डेटॉलच्या जंतुनाशक द्रवालाही पडतो, कारण त्यात ४.८ टक्के क्लोरोझायलेनॉल असतं आणि ते फिनॉलच्याच जातकुळीतलं आहे. पांढऱ्या फिनेलमध्ये बहुधा पाइन तेल असतं आणि तेही मांजराला विषारीच. तरी ही परीक्षा एकाच बाजूने खरी ठरते, कारण ज्याचं पाणी पांढरं होत नाही ते सुरक्षित असं म्हणता येत नाही. लिंबाच्या, गुलाबाच्या वासाच्या रंगीत फ्लोअर क्लीनरचं उदाहरण घ्या. त्यांच्या लेबलावर बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे नाव बरेचदा असतं. त्यात फिनॉल नसतं, पण जाड द्रव जिभेला भाजतो. मांजर चाटतं आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, तोंडात फोड येतात. ते ताटलीजवळ जातं, वास घेतं आणि तोंड न लावता मागे फिरतं. घरच्यांना वाटतं, नखरे करतंय. लेबलावर सांगितल्याइतकं पातळ करून, नंतर साध्या पाण्याने पुसून फरशी वाळवली तर हा धोका बराच उतरतो. फिनेलबाबत मात्र मी एवढं सांगूनही थांबणार नाही. मांजराच्या घरात ते ठेवूच नये, कारण त्याच्यावाचून अडतं असं एकही काम घरात नाही. साबणाच्या चार थेंबांनी आणि कोमट पाण्याने फरशी पुरेशी स्वच्छ होते. वास मात्र येत नाही, हे मान्य.

टॉयलेट साफ करायच्या ॲसिडचं वेगळं काय सांगायचं? ते सगळ्यांनाच भाजतं. कपाटातल्या डांबराच्या गोळ्याही मांजराच्या आवाक्यात नकोत.

ब्लीचची गोष्ट थोडी निराळी आहे. सोडियम हायपोक्लोराइटचा जाड द्रव तोंड आणि डोळे भाजतो, आणि काही मांजरांना त्याच्या वासाची विचित्र ओढ असते, ती पुसलेल्या जागी लोळतात. पण पातळ केलेलं ब्लीच काम झाल्यावर धुऊन टाकता येतं आणि फिनॉलसारखं यकृतात अडकून बसत नाही. दोन ठिकाणी मात्र ते वापरायचं नाही. एक, टॉयलेटच्या ॲसिडसोबत, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो. दुसरं, मांजराच्या मुतावर. शिळ्या मुतात अमोनिया असतो, तो ब्लीचशी मिळून क्लोरामाइनचे तिखट वायू तयार करतो, आणि मांजराइतकंच तिथे वाकून पुसणाऱ्यालाही ते खोकला आणतात. मूत आधी साबणाच्या पाण्याने पूर्ण काढावं.

जाड द्रव अंगाला लागलाच तर पहिलं काम म्हणजे चाटण्यापासून थांबवणं. टॉवेलात गुंडाळावं आणि भांडी घासायच्या सौम्य द्रवसाबणाने, कोमट पाण्यात, लागलेला भाग पुन्हा पुन्हा धुवावा. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. मीठपाणी पाजून उलटी करवू नये, कारण भाजणारा द्रव वर येताना अन्ननलिकेला दुसऱ्यांदा भाजतो. दुखत असेल म्हणून घरची गोळी तर अजिबात देऊ नये. मांजराला पिंजऱ्यात घालून डॉक्टरकडे नेताना बाटलीही सोबत घ्यावी, कारण फिनॉल आहे, बेन्झाल्कोनियम आहे की ब्लीच, यावर उपचार ठरतात. सुट्या फिनेलच्या बाटलीवर लेबलच नसतं, ही त्यातली वाईट गोष्ट.

आता एक प्रसंग, जिथे ब्लीचच लागतं. मांजरांमध्ये पॅनल्यूकोपेनिया नावाचा विषाणूजन्य आजार होतो. त्यात जुलाब-उलट्या होतात आणि पिल्लं दोन-तीन दिवसांत जातात. हा विषाणू घरात महिनोन्‌महिने टिकतो आणि सुगंधी फ्लोअर क्लीनरवर त्याच्याबाबत भरवसा ठेवता येत नाही. अशा घरात नवं पिल्लू आणण्यापूर्वी फरशी आणि प्लास्टिकची भांडी आधी साबणाने घासून घ्यावीत, कारण घाण शिल्लक असेल तर ब्लीच तिच्यातच संपून जातं. मग ५ ते ६ टक्क्यांचं साधं, बिनवासाचं ब्लीच घ्यावं आणि एक भाग ब्लीचला ३२ भाग पाणी, म्हणजे लिटरमागे साधारण ३० मिलिलिटर, असं त्याच दिवशी मिसळावं. जागा १० मिनिटं ओली राहू द्यावी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. नंतर दोनदा साध्या पाण्याने पुसून, पूर्ण वाळल्यावरच दुसऱ्या खोलीचं दार उघडावं. लाकूड, गादी, गालिचा यांवर हा उपाय चालत नाही. अशा वस्तू बदलणंच बरं. आणि पिल्लू आणायच्या आधी डॉक्टरांशी त्याच्या लशीबद्दल बोलून घ्यावं, कारण फरशी कितीही घासली तरी तिच्याइतका भरवशाचा बचाव दुसरा नाही.