जुनी वस्तू, नवा फोटो : लेखांक ७ – मत्रहचा थेलर

मस्कतमध्ये रुवीला राहणाऱ्या माझ्या एका मित्राने मत्रहच्या बाजारातून चांदीचे मोठे नाणे आणले. मारिया थेरेसाचा थेलर. ओमानमध्ये तो विसाव्या शतकातही चलनात होता, आणि जुन्या ओमानी दागिन्यांत आजही दिसतो. ओळखणाऱ्याला दाखवायला मित्राने मला फोटो पाठवला. भर दुपारी बाल्कनीत काढलेला. राणीच्या गालावर नुसता पांढरा डाग!

या नाण्यावरचे १७८० हे साल काहीच सिद्ध करत नाही. हेच साल घालून ते पुढे अनेक टांकसाळींनी पाडले. १९४०-४१ मध्ये आपल्या मुंबईच्या टांकसाळीनेही. त्यामुळे तज्ज्ञ बघतो ते खांद्यावरच्या पिनेचे मोती, खालची एस. एफ. ही अक्षरे, गरुडाच्या शेपटीची पिसे आणि कड. नाणे ठशाने पाडलेले की साच्यात ओतलेले, हे तिथेच कळते.

चांदी आरशासारखी वागते, म्हणून थेट ऊन नको. सावलीतल्या खिडकीपाशी एक फोटो घ्या. मग खोलीत अंधार करून एकच टेबललॅम्प घड्याळातल्या दहाच्या जागी, अगदी खाली झुकवून ठेवा आणि त्यापुढे बटर पेपर धरा. तिरप्या उजेडात ओतीव नाण्यावरची बारीक छिद्रे आणि अक्षरांच्या बोथट कडा उठून दिसतात. सपाट उजेडात त्या लपतात. फ्लॅश बंदच ठेवा.

मोबाइल पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर, नाण्याला समांतर ठेवा. तो तिरका असला की एक बाजू धूसर येते. फार जवळ नेऊ नका. वीतभर अंतर ठेवून दुप्पट झूम करा, एस. एफ. अक्षरांवर बोट टेकवून फोकस पक्का करा आणि टायमर लावा.

नाण्याचा व्यास सुमारे ४० मिलिमीटर. फोटोत त्याची रुंदी १,२०० पिक्सेल आली, तर मिलिमीटरला ३० पिक्सेल मिळतात आणि अर्ध्या मिलिमीटरचा मोती १५ पिक्सेलचा होतो. तोच फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की लहान होतो, आणि मोती पाच-सहा पिक्सेलचा ठिपका उरतो. मोती मोजायचे कसे? म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

कडेवर लॅटिन अक्षरे उठावाची असतात. नाणे चिकणमातीत उभे करून, थोडे थोडे फिरवत चार फोटो काढा. ओतीव नाण्याला इथे कधी कधी जोडाची रेघ सापडते.

मित्राने पुन्हा काढलेल्या फोटोत अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले, कडेला पुसट रेघही. नाणे ओतीव निघाले.

चांदीचा कस मात्र फोटोत दिसत नाही. अस्सल थेलर सुमारे २८ ग्रॅमचा असतो. तेव्हा शेजारी मोजपट्टी आणि वजनकाट्याचा आकडा दाखवणारा एक फोटो जोडा. आणि फोटो चांगला यावा म्हणून नाणे घासू नका. घासल्याने तज्ज्ञाला हव्या असलेल्या खुणाच जातात.