पाचगणीचं कंट्रोल बारा चाळीसला बंद होतं

दोनशे किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. ऐकणाऱ्याला हा वेळ भरपूर वाटतो. सपाट रस्त्यावर तो खरोखरच भरपूर असतो. पण पुणे–पाचगणी–पुणे या मार्गाची आखणी करायला बसलं की लक्षात येतं, खरी परीक्षा शेवटच्या वेळेची नाही, मधल्या कंट्रोलची आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. हे नियम ऑडॅक्स क्लब पारिझियाँ या फ्रेंच क्लबचे. क्लब १९०४चा. ही शर्यत नव्हे, इथे नंबर काढत नाहीत. ठरलेल्या वेळेत दोनशे, तीनशे, चारशे आणि सहाशे किलोमीटर एकाच हंगामात पूर्ण करणारा सुपर रँडोनर होतो. हंगाम १ नोव्हेंबरला सुरू होतो, म्हणजे आपल्या दिवाळीच्या आसपासच.

आता माझ्या आवडीच्या गणिताकडे येतो. प्रत्येक कंट्रोलला उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ असते. साधारण ताशी पंधरा किलोमीटरचा वेग धरून बंद होण्याची वेळ काढतात, म्हणून शंभराव्या किलोमीटरला सहा तास चाळीस मिनिटं येतात. सकाळी सहाला निघालात तर पाचगणीला १२.४० पर्यंत पोचून ब्रेव्हे कार्डावर शिक्का घ्यायचा. पण या मार्गावरचे मोठे चढ जातानाच आहेत. कात्रज, मग खंबाटकी आणि शेवटी पसरणी. घड्याळाला घाट कळत नाहीत.

बेताच्या वेगाच्या माणसाचा हिशोब मांडू. शिरवळपर्यंत पन्नासेक किलोमीटर, कात्रज धरून अडीच तास, म्हणजे साडेआठ. वीस मिनिटं नाश्ता, ८.५०. खंबाटकी चढून सुरूर फाट्याला १०.३५. तिथून वाई ११.१०. पसरणी घाट ताशी नऊ-दहाच्या वेगाने सव्वा तास, म्हणजे पाचगणी १२.२५. हातात उरली पंधरा मिनिटं! शिरवळला गप्पा मारत, दोनदा चहा घेत चाळीस मिनिटं बसलात की कंट्रोल हातचं गेलंच. मी कंट्रोलच्या टेबलावर शिक्के मारायला बसलेलो असताना असे रायडर पाहिले आहेत. पाय उत्तम, दम उत्तम, फक्त सकाळचा नाश्ता लांबलेला. माझं ठाम मत आहे की दोनशेची बीआरएम पायांपेक्षा थांब्यांवर हातची जाते.

म्हणून खाणं सायकलवरच उरकायचं. लांबच्या राइडला ताशी साठेक ग्रॅम कर्बोदकं पुरतात. एका मध्यम केळ्यातून सुमारे पंचवीस मिळतात, उरलेली चिक्की किंवा खजुरातून. खिशात चिक्कीचं वेष्टन आधीच फाडून ठेवा, नाहीतर हातमोज्यांनी ते सुटत नाही. पसरणीत श्वास लागलेला असताना घास गिळवत नाही, त्यामुळे त्या चढाचं इंधन वाईच्या आधीच पोटात हवं. भूक लागण्याची वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. पाय जड होतात, चिडचिड होते, साधी बेरीज जमत नाही, ही त्याची लक्षणं. एका बाटलीत ओआरएस, दुसरीत साधं पाणी. ओआरएसचं मोठं पाकीट लिटरभर पाण्याचं असतं, ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतू नका. घाम गाळत दिवसभर नुसतंच साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं.

पाचगणीहून जेवून सव्वाला निघालात तर परतीला सव्वासहा तास आहेत. सरासरी वीसने पाच तास आणि थांब्यांना पाऊण तास धरला तर सातला पुण्यात. उरलेला अर्धा तास एखाद्या पंक्चरसाठी. पंक्चर झालं म्हणून घड्याळ थांबत नाही. त्यामुळे दोन ट्यूब जवळ ठेवा आणि ट्यूब रस्त्यावर बदला. पॅच लावण्याचं काम घरी.

डिसेंबरात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे निघताना तासभर आणि येताना शेवटचा टप्पा अंधाराचा, शिवाय परतीच्या वाटेवर खंबाटकीचा बोगदा. पुढे पांढरा आणि मागे लाल, दोन्ही दिवे सायकलला घट्ट बसवलेले असावेत, अंगावर रिफ्लेक्टिव्ह जॅकेट असावं. मागचा दिवा लुकलुकता नको, स्थिर ठेवा. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला त्यावरून अंतराचा अंदाज नीट येतो. आणि तो सीटखालच्या पिशवीआड झाकला जातोय का, हे आदल्या रात्री दुसऱ्या कुणाला तरी वीस पावलं मागे उभं करून तपासा. पुढच्या दिव्याच्या डब्यावर लिहिलेले तास बहुधा मंद प्रकाशाचे असतात, म्हणून तो घरीच पूर्ण तेजाने लावून किती टिकतो ते मोजा.

निघण्याआधी एक काम करा. शिरवळ ८.५०, सुरूर १०.३५, वाई ११.१०, पाचगणी १२.४० या वेळा कागदी टेपवर लिहून हँडलला चिकटवा. सुरूरला पावणेअकरा वाजले असतील, तर वाईत थांबू नका.