सायंकाळी सहाचा वायदा

डिसेंबर १९७३. जपानच्या आइची प्रांतात रेल्वेने शाळेत निघालेल्या तीन मुली गप्पा मारत होत्या. त्यांच्यापैकी एकीला तोयोकावा शिंकिन या स्थानिक पतसंस्थेत नोकरी लागली होती. मैत्रिणीने तिला चिडवलं, ‘तिथे धोका असतो हं.’ तिच्या मनात दरोडेखोर होते. जिला नोकरी लागली होती, तिने घरच्यांना विचारलं की या संस्थेत खरंच धोका आहे का. घरच्यांनी आणखी कुणाला विचारलं. प्रश्न एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना त्यातलं प्रश्नचिन्ह गळून पडलं आणि काही दिवसांत कोसाकाई गावातल्या शाखेपुढे ठेवीदारांची रांग लागली. तेलटंचाईचा तो काळ होता आणि लोक आधीच धास्तावलेले होते. एका लाँड्रीत फोन करायला आलेला माणूस ‘तोयोकावातले पैसे काढ’ असं म्हणाला. त्याला स्वतःच्या कामासाठी पैसे हवे होते. पण लाँड्रीवाल्या बाईंच्या कानावर अफवा आधीच आली होती. त्यांनी आपली ठेव काढली आणि ओळखीच्यांना फोन लावले.

संस्थेने निवेदन काढलं. लोकांनी त्याचा उलटा अर्थ लावला. पाठोपाठ कर्मचाऱ्याने अफरातफर केल्याच्या आणि प्रमुखाने आत्महत्या केल्याच्या नव्या अफवा उठल्या. शेवटी बँक ऑफ जपानने संस्था सुरक्षित असल्याचं जाहीर केलं, लोकांना दिसतील अशा नोटांच्या थप्प्या रचल्या गेल्या आणि पोलिसांनी अफवेचा माग काढून तो उघड केला. कट कुणाचाच नव्हता. तोवर शंभर कोटी येनहून अधिक रक्कम बाहेर गेली होती.

संकट उठल्यावर पहिल्या तास-दोन तासांत, सगळी माहिती हाती नसताना संस्था जे चार-सहा ओळींचं निवेदन काढते, त्याला जनसंपर्काच्या धंद्यात ‘होल्डिंग स्टेटमेंट’ म्हणतात. सविस्तर खुलासा नंतर येतो. तोवर लोकांनी कशाच्या भरवशावर थांबायचं, एवढंच या ओळींनी सांगायचं असतं. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यातली, तीन शाखांची पतसंस्था डोळ्यांसमोर आणा. रविवारी रात्री मोबाइलवर मजकूर फिरू लागतो, ‘संस्थेत घोटाळा, उद्यापासून पैसे मिळणार नाहीत, पुढे पाठवा.’ संस्थेचं सगळं सुरळीत आहे. सोमवारी दहाला शाखा उघडणार. फलकावर काय लावायचं?

अध्यक्षांना पहिल्यांदा सुचतं ते वाक्य म्हणजे ‘संस्थेची आर्थिक स्थिती भक्कम असून ठेवीदारांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.’ हे वाक्य बुडालेल्या संस्थांनीही बुडण्याच्या आदल्या दिवशी लावलेलं असतं, आणि ठेवीदाराला ते ठाऊक असतं. २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खातेदारांना सहा महिन्यांसाठी फक्त हजार रुपये काढता येतील असं ठरलं. ते पाहिलेल्या माणसाला भिऊ नका म्हणणं म्हणजे त्याला मूर्ख ठरवणं. ‘भक्कम’ हा शब्द त्याला तपासताही येत नाही. शाखा किती वाजेपर्यंत उघडी आहे आणि शेजाऱ्याला पैसे मिळाले का, हे मात्र तो उभ्या उभ्या तपासू शकतो.

म्हणून लेखणी उचलण्याआधी फोन उचलावा लागतो. ठेवींचा पैसा तिजोरीत पडून नसतो. तो सोनेतारण आणि इतर कर्जांत गेलेला असतो, काही भाग जिल्हा बँकेत गुंतवलेला असतो आणि शाखेत दिवसापुरती रोख असते. समजा मुख्य शाखेत ९ लाख आहेत. एका खिडकीवर तासाला तीस माणसं, प्रत्येकी सरासरी १५ हजार, म्हणजे तासाला साडेचार लाख. दोन तासांत गल्ला रिकामा. बारा वाजता ‘थोडं थांबा, रोख येतेय’ असं खिडकीतून ऐकू आलं, की सकाळचं निवेदन खोटं ठरलं. तेव्हा जिल्हा बँकेकडून किती रक्कम किती वाजता येईल, हे आधी पक्कं करायचं. निवेदनातलं ‘पैसे नेहमीप्रमाणे मिळतील’ हे वाक्य त्या फोनवर उभं असतं. ‘सगळ्यांचे सगळे पैसे आज देऊ’ हे मात्र जगातली कुठलीही बँक म्हणू शकत नाही आणि म्हणू नये.

याहून नाजूक गोष्ट चेकची. वीस हजार किंवा त्याहून अधिक रकमेची मुदत ठेव आयकर कायद्यामुळे रोखीने परत करता येत नाही. धनादेशाने किंवा खात्यावर द्यावी लागते. एरवी हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण रांगेतल्या माणसाला कॅशियर म्हणाला, ‘रोख नाही मिळणार, चेक घ्या,’ की मागच्या चाळीस जणांपर्यंत एवढंच पोचतं की रोख नाही. म्हणून हा नियम निवेदनातच आला पाहिजे.

मग फलकावरचा मजकूर साधारण असा होतो:

‘सोमवार, सकाळी ९.४५. आपल्या संस्थेतील ठेवींबाबत कालपासून मोबाइलवर फिरणारा मजकूर खरा नाही. संस्थेवर कोणतेही निर्बंध नाहीत. तिन्ही शाखा आज सायंकाळी ५ पर्यंत सुरू आहेत. बचत खात्यातील रक्कम नेहमीप्रमाणे मिळेल. मुदत ठेव मोडता येईल; २० हजार व त्यापुढील रक्कम कायद्यानुसार नेहमीप्रमाणेच धनादेशाने किंवा खात्यावर दिली जाईल. पुढील माहिती आज सायंकाळी ६ वाजता याच फलकावर लावू. – व्यवस्थापक (सही, शाखेचा फोन)’

अफवेतला ‘घोटाळा’ हा शब्द यात नाही, कारण ज्याने तो ऐकलेला नाही त्याला तो आपणच का ऐकवायचा? व्हायरल मजकुराच्या फोटोवर लाल फुली मारून तो पाठवणंही टाळावं. दुसऱ्या दिवशी फुली कापलेला फोटो फिरतो. कायदेशीर कारवाईची धमकीही यात नाही. पोलिसांत तक्रार द्यावीच, पण पहिल्याच ओळीत ती आली की ठेवीदाराला वाटतं दटावणी आपल्यालाच आहे.

अशा वेळी एखादा उत्साही संचालक हमखास जोडतो की ठेवींना पाच लाखांचं विमा संरक्षण आहे. ते संरक्षण बँकांना आहे, नागरी सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थांना नाही. गावातल्या एखाद्या शिक्षकाने हे दाखवून दिलं, की बाकीची खरी वाक्यंही संशयाच्या भोवऱ्यात सापडतात.

कागद सर्वांत आधी कुणाच्या हातात द्यायचा, तर पिग्मी एजंटच्या. तो रोज दुकानोदुकानी जातो आणि सकाळी पहिला प्रश्न त्यालाच पडणार असतो, ‘काय रे, खरं आहे का?’ ‘मला काही सांगितलेलं नाही’ असं तो म्हणाला, तर फलक कितीही मोठा असो, बाजारात त्याचंच उत्तर फिरेल. नऊ वाजता एजंटांना बोलावून कागद वाचून दाखवावा आणि त्यापलीकडे स्वतःचं काही जोडू नका, असं बजावावं. संचालकांच्या घरच्यांनी त्या दिवशी पैसे काढू नयेत, हे निवेदनात लिहायचं नसतं. ते फोन करून सांगायचं असतं.

सहाला नवा कागद लागलाच पाहिजे, नवं काही नसलं तरी. त्यावर आज तिन्ही शाखांतून किती जणांना पैसे दिले तो आकडा असावा, उद्याची वेळ असावी आणि लेखापरीक्षण अहवाल कुठे पाहायला मिळेल ते असावं. सकाळचा कागद काढून टाकावा, कारण दोन तारखांचे दोन कागद शेजारी दिसले की लोक त्यांतला फरक शोधू लागतात.

हे सगळं चालतं ते अफवा पूर्ण खोटी असेल तरच. एखाद्या शाखेत खरोखर लहानशी अफरातफर झाली असेल आणि चौकशी सुरू असेल, तर ‘मजकूर खरा नाही’ हे वाक्य लिहिता येत नाही. मग ‘एका शाखेतील व्यवहाराची चौकशी चालू आहे, पैसे मिळणं थांबलेलं नाही’ असं लिहावं लागतं. त्याने रांग थोडी वाढेल. ती धरूनच जिल्हा बँकेकडे जास्त रोख मागायची.